एफडी मोडली नाही

बँकेतल्या साहेबांना हिंदी यायचं, माझ्या मायला अहिराणी. दोघांच्या मधल्या खुर्चीवर मी बसलो होतो आणि इकडचं तिकडे सांगताना मी खोटं सांगितलं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला तर नाहीच.

आधी ते पैसे कुणाचे होते ते सांगतो.

पारोळ्याजवळ आमची थोडी जमीन होती. महामार्ग रुंद झाला तेव्हा तिची एक पट्टी रस्त्यात गेली आणि मोबदला आला. मायने त्याचे दोन भाग केले. माझ्या भागातून मी जळगावला फ्लॅट घेतला. उरलेले पाच लाख बहिणीचे. ती धुळ्याला असते, ब्लाउज शिवते. तेव्हा ती नवऱ्याच्या घरातून नुकतीच बाहेर पडली होती. तिच्या नावावर पैसे दिसले की नवरा पुन्हा दारात उभा राहील, अशी मायला धास्ती. म्हणून पारोळ्याच्या शाखेत पाच वर्षांची एफडी केली, पहिलं नाव मायचं, दुसरं माझं. ज्येष्ठ नागरिक म्हणून मायला अर्धा टक्का व्याज जास्त होतं. बहिणीचं नाव कुठेच नव्हतं. ते पैसे तिचे आहेत, हे फक्त आम्हा तिघांना माहीत होतं.

पावती हातात आली तेव्हा माय एवढंच म्हणाली, "मोडू नको भाऊ. त्या पोरना पैसा शेतस."

मोडणं हा शब्द तिला सोन्यावरून ठाऊक होता. जुना दागिना सराफाला देऊन टाकला की मोडला. गहाण ठेवला तर तो आपलाच राहतो, सोडवून आणता येतो. माझ्या कॉलेजच्या वेळी तिने स्वतःची पोत गहाण ठेवली होती आणि सोडवलीही होती. मोडली नव्हती. याचा तिला अभिमान होता आणि ती तो चारचौघांत सांगायची.

मी डाळ मिलमध्ये हिशेब बघतो. दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब माझा कधी चुकला नाही. स्वतःचे पैसे मी फोनवर घालवले, शेअर बाजाराच्या ऑप्शनमध्ये. जेवणाच्या सुट्टीत गोदामामागे उभा राहून सौदे करायचो. मुलीच्या प्रवेशासाठी जमवलेले सगळे गेले. ते गेले तेव्हा काय वाटलं, असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. काही वाटल्याचं आठवत नाही. डबा धुतला आणि जागेवर जाऊन बसलो, एवढं आठवतं.

फी भरायची तारीख जवळ आली. मला चार लाख हवे होते. तीन फीचे, आणि एक लाख गेलेलं परत मिळवायला. हो, तेव्हाही तेच डोक्यात होतं.

एफडीला दोन वर्षं झाली होती. मी पारोळ्याला जाऊन साहेबांना भेटलो. ते बिहारकडचे, बदलून आलेले, मराठी शिकत होते. "नमस्कार, बसा" एवढं मराठीत म्हणायचे आणि मग हिंदीवर यायचे. मी विचारलं, एफडी मोडली तर किती मिळतील. त्यांनी हिशेब करून दाखवला. मुदतीआधी मोडली तर ठरलेला दर मिळत नाही. जितके दिवस पैसे राहिले तितक्या दिवसांचा दर लागतो, आणि त्यातूनही दंड म्हणून थोडा कापतात.

"तोड़ क्यों रहे हो?" ते म्हणाले. "लोन ले लो ना. नव्वद टक्के तक मिल जाएगा. एफडी का ब्याज चलता रहेगा, लोन पर उससे एक टक्का ज़्यादा. छह महीने में भर दिया तो आपका गया क्या?"

सल्ला बरोबर होता. कुणालाही मी आजही तोच देईन.

"बस माताजी को लाना पड़ेगा," ते पुढे म्हणाले. "दोनों का साइन लगेगा."

मी म्हटलं, पावतीवर तर दोघांपैकी कोणीही असं आहे. ते म्हणाले, ते मुदत संपल्यावर पैसे घ्यायला. त्याआधी मोडायची असो की कर्ज घ्यायचं असो, दोघांच्या सह्या पाहिजेत.

मायला मी सांगितलं की बँकेत कागद नवे करायचे आहेत. ती गावाहून एसटीने आली, मी जळगावहून एरंडोलमार्गे मोटरसायकलवर. स्टँडवर तिने मला केळी दिली. बँकेतल्या वॉचमनने तिला पंख्याखाली बसवलं. "अक्का, आठे बसा. साहेबना एसी फक्त साहेबलेच लागस." ती हसली. तोंडावर पदर धरून हसायची ती.

साहेबांनी फॉर्म पुढे ठेवला आणि आपलं काम चोख केलं. मायकडे वळून सावकाश, एकेक शब्द सुटा करत ते बोलले. "माताजी, यह आपकी एफडी पर चार लाख का लोन है. पैसा बेटे के खाते में जाएगा. नहीं भरा, तो बाद में एफडी से कटेगा. ठीक है?"

मायने माझ्याकडे बघितलं. "हाऊ काय म्हनी राहिना भाऊ? लोन म्हने ना तो?"

लोन हा शब्द तिने ओळखला होता. गावात कुणाला ठाऊक नाही तो शब्द?

मी म्हटलं, "लोन पाहिजे का असं तो सगळ्यांना विचारतो, माय. त्यांना तसं विचारावंच लागतं. आपण आपली एफडी पुढे चालू ठेवतोय."

"नही नही," माय साहेबांकडे बघून हात हलवत म्हणाली. "मोडानी नही!"

साहेबांना त्यातलं 'नाही' एवढंच कळलं. त्यांच्या पेनचं टोपण उघडं होतं, ते त्यांनी बंद केलं. "क्या बोल रही हैं? मना कर रही हैं?"

तिथे सगळं थांबू शकलं असतं. मी म्हटलं, "बोल रही हैं, एफडी तोड़नी नहीं है."

ते मोकळे झाले. हसून मराठीत म्हणाले, "नाही आजी, मोडत नाही. मोडत नाही!"

मायने मान हलवली. त्यांच्या तोंडून मराठीत तेवढंच एक वाक्य आलं आणि ते खरं होतं. तिचा विश्वास बसला तो त्यांच्यावर, माझ्यावर नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. त्याने काही हलकं झालं नाही.

साक्षरता वर्गात शिकलेली सही तिने केली. पावतीच्या मागे रेव्हेन्यू तिकिटावर करताना शेवटचं अक्षर तिकिटाबाहेर गेलं. "चालनी का?" तिने विचारलं. चालली. साहेबांनी पावती घेतली, तिच्यावर कर्जाचा बोजा चढवला आणि ती आपल्याकडे ठेवली.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "पावती कसाले ठी लिधी त्यानी?"

"बँकेत सांभाळून ठेवतात," मी म्हटलं.

"हाई बी खरं शे. घरमा उंदीर शेतस."

चार लाख आले. फी भरली. उरलेला लाखही मी फोनवर घालवला. वर्षभर कर्जाचं व्याज भरलं, नंतर तेही थांबलं. बँकेने तगादा लावला नाही. एफडीची रक्कम कर्जापेक्षा वर होती, त्यामुळे त्यांना घाई नव्हती. कुणी दार वाजवलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. पण तेव्हा मला ती शांतता सोयीची होती.

माय मुदतीआधी गेली. जळगावला सरकारी दवाखान्यात होती. उपचार मोफत योजनेत बसले. माझे गेले ते येण्याजाण्याचे आणि चहाचे. तिच्याशेजारी बसून मी सांगायचं ठरवलं होतं. ती डोळे मिटून पडलेली असायची आणि मी झोप मोडायला नको म्हणून गप्प बसायचो.

एक गोष्ट मला उशिरा सुचली. मी तिला खरं सांगितलं असतं, माय, पावती गहाण ठेवायची आहे, सोडवून आणतो, तर ती कदाचित हो म्हणाली असती. गहाण तिला समजत होतं. मी विचारलंच नाही. विचारलं असतं तर सोडवावी लागली असती.

तिच्या मृत्यूचा दाखला दिल्यावर एफडी माझ्या एकट्याकडे आली. मुदत भरली तेव्हा सात लाखांच्या वर झाले होते. कर्ज आणि थकलेलं व्याज, सुमारे चार लाख सत्तर हजार, बँकेने वळते करून घेतले. दोन लाख अडतीस हजार माझ्या खात्यात आले.

त्याच आठवड्यात बहिणीचा फोन आला. देवपुरात तिने एक खोली बघितली होती, खाली शिलाईचं दुकान होईल अशी. "दादा, मालकले इसार देना पडी. बठ्ठा कितला व्हतीन रे?"

सगळे मिळून किती, तो आकडा मी सांगितला.

"इतलाच?" ती हसली. "दादा, डाळना हिशोब करी राहिना का?"

मग ती हसायची थांबली. मी म्हटलं, "मायच्या दवाखान्यात गेले."

ठरवून नाही म्हटलं. पण मागेही घेतलं नाही.

पलीकडे शिलाई मशीन चालू होतं, ते थांबलं. ती म्हणाली, "मायले लागनात ना? मंग चांगलं व्हयनं. मना पैसा तिना कामले उना." आणि वर मलाच म्हणाली, "तू एकलाच इतलं धकाडी राहिना, माले सांगं बी नही."

दोन लाख अडतीस हजार मी तिला पाठवले. खोली दुसऱ्याने घेतली. ती अजून भाड्याच्या घरात आहे. घरमालक दर वर्षी भाडं वाढवतो.

मायच्या वर्षाच्या जेवणाला ती वाढत होती. मावशीने विचारलं, रस्त्याच्या पैशातलं तुझ्या वाटचं काय झालं गं? ती वाटी हातात धरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मना पैसा मायना औषधपानीले लागनात, मावशी. नशीब लागस त्याले." बायका तिच्याकडे कौतुकाने बघत होत्या. मी पानावर होतो. तिने मला विचारलं, "दादा, वरण वाढू?" मी म्हटलं, "वाढ." जेवलो.

फोनवरचे सौदे आता बंद आहेत. मिलची नोकरी आहे. मुलगी नोकरीला लागली आहे. द्यायचं ठरवलं तर हप्त्याहप्त्याने देता येईल, पण कशाचे म्हणून देऊ? ते सांगितल्याशिवाय पहिला हप्ताही तिच्या हातात ठेवता येत नाही.

मायच्या आजारात एफडीतला एक रुपयाही गेला नाही. माझ्या बहिणीचे चार लाख सत्तर हजार रुपये मी देणं लागतो.