उंची द्या

मला मराठीचा अभिमान आहे आणि रागही लवकर येतो. या दोन गोष्टी एका माणसात असल्या की त्याच्या हातून काय होतं, ते मी भोरला ड्राफ्ट्समन कोर्सच्या पोरांना कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग, शिकवताना केलं.

आमच्या संस्थेत कॉम्प्युटर सात आणि पोरं बावीस. सॉफ्टवेअरबरोबर शिकवणीची एक इंग्रजी पुस्तिका आली होती. पोरं ती उघडायची, दोन ओळी वाचायची आणि माझ्याकडं बघत बसायची. शेवटी चिडून मी म्हटलं, मीच मराठीत आणतो. कमांडची नावं मराठीत लिहायची, बाजूला बटणाचं चित्र हातानं काढायचं, म्हणजे पडद्यावर इंग्रजी असलं तरी बटण सापडेल. उन्हाळ्याच्या सुटीत मी एक वही घेऊन त्याच कामाला बसलो; तिच्या झेरॉक्स प्रती पोरांना वाटायच्या होत्या.

स्केचला ‘रेखाटन’ सहज मिळालं. फिलेटनं मात्र घाम काढला. मी ‘गोलाई’ लिहिलं आणि खाली समजावलं, टोकदार कडा घासून गोल करणे. सुटीनंतर पहिल्याच तासाला एक मुलगा म्हणाला, "सर, भाईरचा कोपरा घासला जातोय, पण आतल्या कोपऱ्याला तर माल भरतोय की." खरंच होतं. एकच कमांड, बाहेर काढते आणि आत भरते. मी गोंधळलो. त्याचे वडील गवंडी, तोच पुढं म्हणाला, "गच्चीवर भिंतीच्या बुडाला सिमिट भरून गोल वाटा मारत्यात, तसं." सगळ्यांना पटलं. मला गवंड्याचा शब्द वहीत नको होता. ‘गोलाई’च ठेवली, फक्त खालची ओळ खोडली.

एक्सट्रूडला मी लिहिलं ‘उंची द्या’. सपाट रेखाटन काढायचं, आकडा टाकायचा, की ते जाड होऊन उभं राहतं. बटणावरच्या चित्रातसुद्धा बाण वरच दाखवलेला. हे तर मला इतकं चपखल वाटलं, की बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे," आणि पुन्हा गवार मोडायला बसली.

मूळ पुस्तिकेत रेखाटनाआधी आणखी एक पायरी होती. समोरची, वरची आणि बाजूची अशा तीन पाट्या पडद्यावर दिसतात, त्यातली एक निवडायची आणि तिच्यावर चित्र काढायचं. त्यात कमांडचं मोठं नाव नव्हतं, म्हणून मला भाषांतर करण्यासारखं काही वाटलं नाही. मी लिहिलं, ‘नेहमीची पाटी घ्या’. नेहमीची म्हणजे वरची, जमिनीसारखी आडवी. वहीतले बाराही सराव तिच्यावरचेच होते: वॉशर, झाकण, चार भोकांची प्लेट.

वर्गात एक मुलगी होती, वेल्ह्याकडच्या वरच्या वस्तीवरची. घरी शेरडं-मेंढरं. भोरला मावशीकडं राहून शिकत होती. तिच्या वडिलांनी तिच्याकडची शेरडं चुलत्यांकडं सोपवली होती ती एका बोलीवर: दिवाळीपर्यंत कारखान्यात शिकाऊ म्हणून जागा लागली तर ठीक, नाहीतर तिनं परत यायचं. वडील एकदा संस्थेत आले होते. मला म्हणाले, "सर, तुमी सांगाल तसं ती करती. आमाला त्यातलं काय कळत न्हाई." मी मान हलवली होती, आणि मनातून सुखावलो होतो.

कॉम्प्युटरवर तिचा नंबर आठवड्यातून दोनदा लागायचा. बाकीचे दिवस ती माझी वहीच घोकायची. सुटीला घरी गेली की शेरडांमागं फिरतानासुद्धा. रेखाटन, मापं, उंची द्या, गोलाई, अशी सगळी क्रमानं पाठ. कुठंही थांबवा, पुढचं सांगायची. मी इतर मुलांना तिचं उदाहरण द्यायचो.

दिवाळीच्या आधी तिला हायवेकडच्या एका कारखान्यातून बोलावणं आलं. ड्रॉइंग विभागात शिकाऊ म्हणून एकच जागा. परीक्षा तासाभराची: भिंतीला लावायचा एक एल आकाराचा ब्रॅकेट बनवायचा आणि त्याचं ड्रॉइंग काढून द्यायचं. ऐकून मी निर्धास्त झालो. वहीतल्या चार भोकांच्या प्लेटपेक्षा ते सोपं होतं.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी ती आली आणि टेबलावर तिच्या ड्रॉइंगचा कागद ठेवला. "न्हाई झालं, सर."

मी कागद बघितला. मापं बरोबर, भोकं जागेवर, आतल्या कोपऱ्याला गोलाईसुद्धा दिलेली. फक्त समोरच्या दृश्याच्या जागी एक नुसता आयत होता, आणि एल दिसत होता खाली, वरून बघितलेल्या दृश्यात. ब्रॅकेट आडवा झोपला होता. भिंतीला लावायची वस्तू जमिनीवर कुशीवर पडलेली.

माझा पारा चढला. "अगं, एवढं साधं कळत नाही? एल समोरच्या पाटीवर काढायचा. वरच्या पाटीवर कशाला काढलास?"

तिनं पिशवीतून वही काढली, पहिलं पान उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ‘नेहमीची पाटी घ्या.’ मग आणखी खालच्या ओळीवर. ‘उंची द्या.’

"उंची म्हंजी वरच जानार ना, सर? मग चित्र खालीच काडाय पायजे. समोरच्या पाटीवर काडलं तर उंची कुटनं येनार?"

मी खडू घेऊन फळ्याकडं वळलो. समोरच्या पाटीवर काढलं तर माल समोरच्या बाजूला वाढतो, वर नाही. म्हणजे ती उंची नव्हतीच. मग काय होतं? प्लेटच्या बाबतीत जाडी, दांड्याच्या बाबतीत लांबी, भोकाच्या बाबतीत खोली. मी एकेक शब्द फळ्यावर लिहीत आणि पुसत गेलो. तीस वर्षं ड्रॉइंग केलंय मी, आणि आपण नक्की काय शिकवत होतो तेच मला उमगेना.

मी कारखान्यातल्या साहेबांना फोन लावला. ते सभ्यपणे बोलले. "मुलीचा हात चांगला आहे हो. पण हे ड्रॉइंग मशीनवर गेलं असतं तर कारागिरानं वस्तू भलतीकडूनच वाचली असती. आणि जागा भरली आम्ही." मी म्हटलं, चूक माझी आहे, तिची नाही. ते म्हणाले, "निकालात तसं कसं लिहिणार, सर?"

फोन ठेवला तेव्हा ती अजून फळ्याकडंच बघत होती. मी अपराध्यासारखं विचारलं, "मग काय नाव द्यायचं याला?"

"नाव कायबी ठिवा, सर. एक्सट्रूडच म्हना. पर पयली ओळ बदला. कुटल्या पाटीवर काडायचं आन का, ते लिवा."

तिनं माझ्याच पेनानं वहीत लिहिलं: ‘वस्तू तिच्या जागेवर कशी बसते ते आधी बघा. आकार ज्या बाजूनं दिसतो, त्या बाजूची पाटी घ्या. माल पाटीतून सरळ बाहेर येतो.’ तीन वाक्यं. माझी सगळी सुटी त्यांच्यापुढं फुकट होती.

"पुढं कुठं परीक्षा निघाली तर कळवतो," मी म्हणालो. "तू येत राहा."

"आप्पा सोमवारी चुलत्याकडनं शेरडं आनायचं म्हनत्यात," ती म्हणाली. तक्रार नव्हती आवाजात, आणि तेच मला सहन होईना. मी म्हटलं, मी बोलतो त्यांच्याशी. बोललोही. माझी वही चुकली, असं स्वच्छ सांगितलं. वडील ऐकून घेऊन म्हणाले, "सर, वही चुकली का पोरगी, हे आमाला कसं कळायचं? बोली झाली व्हती."

नवीन तुकडीला आता ती तीन वाक्यं पहिल्या पानावर आहेत. समोर बसलेल्या मुलांना ती वाचून दाखवतो. ब्रॅकेट सगळ्यांचा उभा येतो. खाली सही माझी आहे, कारण संस्थेच्या वहीवर तशी पद्धत आहे.