मास्तरांचा परत न आलेला पांढरा

क्लबातले सगळे त्यांना मास्तर म्हणत. कागदोपत्री ते मार्कर. म्हणजे सकाळी स्नूकरच्या टेबलाच्या कापडाला ब्रश मारून इस्त्री करायची, बॉल जागेवर ठेवायचे आणि खेळ सुरू झाला की गुण सांगायचे. पण एकतीस वर्षं ते शिकवतही होते, आणि खरा जीव त्यांचा तिथेच अडकलेला.

शिकवणं मात्र तिखट. नव्या मेंबराला म्हणायचे, "पांढऱ्या बॉलला मध्याच्या वर मारा, तो समोरच्या बॉलला धडकूनही पुढे जाईल. हा फॉलो. खाली मारा, उलटा फिरत जाईल. पण कापड काय झोपलंय का? वाटेत ती फिरकी खात बसतं. धडकताना फिरकी शिल्लक असेल तर पांढरा मागे येतो, तो स्क्रू. नेमकी तेव्हाच संपली तर जागीच थांबतो, तो स्टन. आधीच संपली तर पुढे घरंगळतो, आणि मग तुमचं तोंड बघण्यासारखं होतं."

गेल्या वर्षी मास्तरांचा उजवा खांदा धरला. बायको म्हणाली, "डॉक्टरांकडे चला." हे म्हणाले, "उतरेल आपोआप." कसलं उतरतंय. पाण्याची बादली उचलताना ते डावा हात पुढे करू लागले.

मग कमिटीने एक सर्टिफिकेटवाला कोच आणायचं ठरवलं. सेक्रेटरी मास्तरांचाच जुना शिष्य. त्याने बिचाऱ्याने मध्ये पडून सांगितलं, "मास्तरांनी चौघांसमोर फॉलो, स्टन, स्क्रू, हवे त्या क्रमाने तीन शॉट दाखवावेत. जमले तर शिकवणी त्यांच्याकडेच." मार्करची नोकरी कुणी काढून घेत नव्हतं. जाणार होतं ते शिकवणं.

रविवारी दुपारी निळा बॉल मधल्या खुणेवर ठेवला. पांढरा त्याच्यामागे चार फुटांवर, कोपऱ्याच्या खिशाशी सरळ रेषेत. फॉलो मास्तरांनी अलगद मारला. निळा खिशात, पांढरा त्याच्यामागे हातभर जाऊन थांबला.

दुसऱ्या खेपेला त्यांनी खाली नेम धरला. स्क्रू मारायचा होता. पण स्क्रूला हातातली काठी, म्हणजे क्यू, बॉलच्या आरपार गेल्यासारखी सपकन जावी लागते, आणि खांद्यात कळ येऊन हात अर्ध्यातच मंदावला. फिरकी वाटेतच संपली. निळा गेला आणि पांढरा जागच्या जागी उभा राहिला.

"वा, स्टन," कमिटीतला एकजण म्हणाला.

सेक्रेटरीने मास्तरांकडे पाहिलं. त्याला कळलं होतं.

"हो, स्टनच," मास्तर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी टेबलापाशी खोटं सांगितलं, आणि त्यांना स्वतःची शरम वाटली.

"मग आता स्क्रू," दुसरा म्हणाला.

बॉल पुन्हा तिथेच लागले. हातात जोर नाही हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. मग त्यांनी ते केलं, जे करणाऱ्याला ते टेबलापासून हाकलून द्यायचे. जोराची भरपाई म्हणून नेम आणखी खाली नेला, क्यूची मागची बाजू वर उचलली आणि होती नव्हती ती ताकद लावली. टोक बॉलच्या बुडावरून निसटलं. पांढरा उडून बाजूला पडला आणि कापड टर्रकन फाटलं. चांगलं बोटभर.

मास्तर वाकून फाटलेल्या कडा अंगठ्याने बसवू लागले. बसतात कशाला.

"राहू द्या मास्तर," सेक्रेटरी हळूच म्हणाला.

कापड बदललं, कोचही आला. माणूस वाईट नव्हता, पण तीन टेबलांवर सात शिष्य, बघणार तरी कुठे कुठे? त्याने पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावलं होतं, एका वेळी एकानेच शिकवायचं. मास्तरांनी मान डोलावली होती.

एका संध्याकाळी दातांच्या डॉक्टरीणबाई एका मेंबराशी गेम खेळत होत्या, मास्तर गुण सांगायला उभे. वर्षभर मास्तरांकडे शिकलेल्या. निळा सरळ खिशासमोर आणि पांढरा मागे यायला हवा. त्या वाकल्या, नेम खाली धरला, सगळं ठीक. फक्त क्यू मुठीत आवळून धरली होती. अशा मुठीने क्यू पुढे जातच नाही, बॉलला लागते आणि अडकते. मास्तरांना ते दोन पावलांवरून दिसलं. "मूठ सैल करा बाई," एवढंच म्हणायचं होतं.

बाईंनी मारलं. निळा खिशात गेला, आणि पांढराही घरंगळत त्याच्या पाठोपाठ त्याच खिशात पडला.

"माझं काय चुकलं हो, मास्तर?" बाईंनी वळून विचारलं.

कोच पलीकडच्या टेबलावर पाठमोरा होता. मास्तरांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे.

"फाउल," ते म्हणाले. "पाच गुण समोरच्यांना."