तांब्याची गोळी, पोलादाची गोळी

सणसवाडीच्या त्या शेडमध्ये मी इंजिनीअर म्हणून लागले, तेव्हा माझं डोकं फार पटकन तापायचं. सगळ्या शेडमध्ये बाई मी एकटी. कुणी नुसतं "म्याडम, असं न्हाई का?" म्हटलं तरी मला वाटायचं, हा माझी अक्कल काढतोय. आमचं काम साधं होतं. पोलादाच्या वीस मिलिमीटरच्या गोळ्या भट्टीत लाल करायच्या आणि तेलात बुडवायच्या, की त्या कडक होतात. मग टेम्परिंगच्या भट्टीत मंद तापवून त्यांच्यातला ताण काढायचा. भट्टीवर आप्पा होते, दौंडकडचे. वडिलांनी मेंढरं विकली तेव्हापासून ते कारखान्यात, माझ्या वयापेक्षा जास्त वर्षं.

त्या उन्हाळ्यात तेलाच्या टाकीनं दोनदा पेट घेतला. मालक म्हणाले, तेल बंद, पाणी वापरू. गोळ्या तडकणार नाहीत ना, एवढं दोन दिवसांत सांगा. आतली आणि बाहेरची उष्णता बरोबरीनं उतरली तर गोळीत ताण राहत नाही. बाहेर आधी गार आणि आत गरम राहिली, तर ती आतल्या आत फाटते, कधीकधी काही तासांनीसुद्धा. म्हणजे प्रश्न एकच होता: गोळीचं तापमान सगळीकडं एकच धरता येतं का?

पोलादाला भोक पाडून मधोमध तापमान मोजायची तार बसवणं जिकिरीचं, म्हणून मी तेवढ्याच आकाराची तांब्याची गोळी घेतली. ती तापवून पाण्यात सोडली. किती वेळात गार होते त्यावरून पाणी किती जोरात उष्णता ओढतं ते काढलं. मग त्याला त्रिज्येच्या तिसऱ्या भागानं गुणलं आणि धातू आतून किती उष्णता वाहतो त्या आकड्यानं भागलं. यालाच बायोट नंबर म्हणतात. तो शून्य पॉइंट एकच्या खाली असला की गोळी आतबाहेर सारखी. माझा आला शून्य पॉइंट शून्य चार. मी रुबाबात सही ठोकली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाण्याची पहिली खेप निघाली. आप्पांनी चिमट्यानं एक लाल गोळी पाण्यात धरली, एक म्हणेपर्यंत, आणि बाहेर काढली. गोळी काळी झाली होती. "आता बगा," ते म्हणाले. आम्ही दोघं बघत राहिलो आणि त्या काळ्या गोळीवर हळूहळू परत मळकट लाली चढली, आतून.

"आत जाळ हाय आजून. तेलात आसं व्हत न्हाई. पाण्यातलं काढल्या काढल्या टेम्परिंगला घाला, म्याडम. पडून राहू देऊ नगा."

 आजूबाजूला चार जण ऐकत होते. मी म्हणाले, "आप्पा, हिशोब झालाय. टेम्परिंगची भट्टी भरलेली आहे. दुपारी घालू." ते "बरं" म्हणाले आणि कामाला लागले.

गोळ्या ट्रेमध्ये निवत राहिल्या. अकराच्या सुमारास त्यातून एक बारीक "टक्" आला. थोड्या वेळानं आणखी एक. पत्रा तापल्यावर वाजतो, तसलंच काहीतरी असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. तरी राहवेना, म्हणून केबिनमध्ये जाऊन हिशोबाचा कागद काढला. भागाकारात उष्णता वाहण्याचा आकडा तीनशे ऐंशी होता. तो आकडा तांब्याचा होता. तापलेल्या पोलादाचा जेमतेम तीस. तांब्याची गोळी पाण्याची ओढ मोजायला बरोबर होती. तिच्याच आकड्यानं मी पोलादाला पास केलं होतं. खरा बायोट निघाला अर्ध्याच्या वर, हद्दीच्या पाचपट.

मी पळत सुटले. आप्पा ट्रेवर वाकून कानस लावून गोळ्यांचा कडकपणा तपासत होते, रोजच्यासारखे, चष्म्याशिवाय. मी हाक मारली.  तेवढ्यात गोळी फुटली. आवाज मोठा नव्हता. आप्पा डाव्या डोळ्यावर हात धरून खाली बसले आणि बोटांतून रक्त आलं.

डोळा गेला. शेडमध्ये मी कुणालाच काही बोलले नाही; मालकांनी कागदपत्रात अपघात लिहिला आणि मी गप्प राहिले, याची लाज अजून जात नाही. महिन्यानं आप्पांच्या गावी गेले. ते ओट्यावर बसले होते. मी डावीकडून आले तर त्यांना कळलंच नाही. आवाज दिल्यावर त्यांनी सगळी मान वळवली.

मी सगळं सांगितलं: तांब्याचा आकडा, पोलादाचा आकडा, माझी सही. मला वाटलं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आकड्याचं मला काय कळतंय," आप्पा म्हणाले. "पन म्याडम, गोळी परत लाल झालेली तुमी बगितली व्हती नव्हं?"

"बघितली होती," मी म्हणाले.