दीड फूट पाणी

सरूआत्या रोज सकाळी शेळ्या सोडायच्या आधी विहिरीवर जायची. सुंभाच्या दोरीला फुटाफुटावर गाठी मारलेल्या असायच्या आणि टोकाला एक चपटा दगड बांधलेला असायचा. दगड तळाला टेकला की ती दोरी वर ओढून घ्यायची आणि भिजलेल्या गाठी बोटांनी मोजायची. मग धाकट्या दिराच्या, हौसरावाच्या दारावरून जाताना हाक द्यायची, "हौसा, आज नऊ रं." विहीर दोघांत सामाईक होती. आदल्या दिवशी कुणी किती उपसलं आणि रात्रीत किती भरलं, हे ज्याचं त्याला कळावं एवढाच तिचा हेतू.

केडगावच्या दक्षिणेला, कालव्याचं पाणी पोचत नाही अशा माळावर तिची वस्ती. तिच्या सासऱ्यांनी मेंढरं विकून ही विहीर पाडली. वीस फूट रुंद, मुरमात आणि खाली काळ्या खडकात. खोदाईची पाटी आत्यानंही डोक्यावरून वाहिली होती, तेव्हा हौसराव सहा वर्षांचा होता. सासू लवकर गेली. त्याला न्हाऊ-माखू घालणं, शाळेत सोडणं, पुढे त्याची सोयरीक बघणं, सगळं आत्यानंच केलं. तिला मूल नव्हतं. नवरा गेल्यावर तिनं आपल्या वाटणीत साठ कागदी लिंबं लावली. तिचं वर्षाचं मीठमिरची, औषधपाणी, सगळं त्या झाडांवर चालायचं.

दोन हजार तीन सालच्या चैत्रात गावाचा आड आटला आणि टँकर भरायला एखादी विहीर घ्यायची असं ठरलं. विहिरी दोन होत्या. एक ही, आणि दुसरी बापूसाहेबांची, उसाच्या बांधावरची. बापूसाहेब गावचे पुढारी. आधी आत्याच्या विहिरीची चाचणी घ्यायची, तिनं दिवसाला तीन खेपा दिल्या तर दुसरीला हात लावायचा नाही, असं बैठकीत ठरलं.

आत्याची काहीच हरकत नव्हती. "एक खेप खुशाल न्या. रातीदिसात दीड फूट पाणी येतं. खेपंला फुटाहून जरा जास्त जाईल. उरलेल्यात माझी लिंबं जगतील," ती म्हणाली.

चाचणीला तालुक्याहून एक तरुण साहेब आले. टेप, घड्याळ, वही. त्यांनी आत्याला नीट समजावून सांगितलं. मोटर लावून पाणी सहा फूट खाली न्यायचं, मग मोटर बंद करायची आणि पाणी किती वेगानं वर चढतंय ते बघायचं. आधी दर दहा मिनिटांनी, मग अर्ध्या तासानं. "विहिरीत साठलेलं पाणी म्हणजे शिल्लक, आजी. आपल्याला बघायचंय ते रोजचं येणं. येतं त्याच्यापेक्षा जास्त उपसलं की विहीर बसली."

"ते मला म्हाईत हाय," आत्या हसून म्हणाली. "माझी दोरी हेच करती."

"फक्त उपसलेलं पाणी लांब गेलं पाहिजे. जवळ सोडलं तर मुरमातून परत विहिरीतच येईल."

"पार वढ्यात सोडलंय सायेब, तीनशे फुटावर," हौसराव म्हणाला. पाइप त्यानंच पहाटे जोडला होता.

साहेब बघायला निघाले. ऊन मी म्हणत होतं. आत्यानंच त्यांना अडवलं. "कशाला पाय भाजून घेताय? त्यो सोडलंय म्हणतोय म्हंजी सोडलंय. माझ्या हातचा पोर हाय त्यो." साहेबांनी टोपी काढली आणि लिंबाच्या सावलीत बसून तिनं केलेला चहा घेतला.

दोन तासांनी मोटर बंद झाली. आत्याचा अंदाज होता, पाणी तासाला दोन बोटं चढेल. ते सहा-सहा इंच चढू लागलं. पाच तास झाले तरी वेग फारसा उतरेना. साहेबांनी वहीत आकडेमोड केली. "पाणी चढत जाईल तसा वेग कमी होणार, म्हणून मी निम्माच धरतो. तरी दिवसाला सहा फूट. एक फूट म्हणजे जवळपास नऊ हजार लिटर. दहा हजाराच्या तीन खेपा आरामात निघतील, आणि तुमच्या लिंबांनाही उरेल. आजी, तुमची दोरी घाबरट आहे."

सगळे हसले. पंचनाम्यावर हौसरावानं सही केली. आत्यानं अंगठा उठवला. पाणी लांब सोडल्याचंही त्या कागदात लिहिलं होतं.

साहेब गेल्यावर ती शेळ्यांना पाणी दाखवायला विहिरीवर आली आणि थांबली. मावळतीच्या अंगाचा मुरूम ओला होता. थेंब गळत होते. झरा उगवतीला होता, खडकाच्या फटीत. मावळतीची बाजू तिनं जन्मात कधी ओली पाहिली नव्हती. ती पाइपच्या कडेनं चालत गेली. पंधरा पावलांवर, वेड्या बाभळीच्या मागं, जोड उघडा होता. मुरूम काढून झालेल्या जुन्या खड्ड्यात पाणी साठलं होतं. तिथून पुढचा पाइप हाताला कोरडा आणि तापलेला लागला.

हौसराव ओट्यावर दाढी करत होता.

"जोड निसटला का रं?"

त्यानं आरशातून नजर काढली नाही. "निसटला आसंल."

"निसटला आसंल तर आत्ता चल, सायबाला फोन लावू."

"वहिनी, बापूसाहेबांनी सोसायटीच्या निवडणुकीला माझं नाव घेतलंय. त्यांचा ऊस वाळला तर ते माझं त्वांड बघतील का? आन् तुमचं काय, साठ झाडं. ती पुन्हा लावता येतील."

"आन् मी तुझ्यासाठी सायबाला शब्द दिला त्यो?"

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं द्यायला?" तो म्हणाला.

लगोलग टँकर सुरू झाला. तिसऱ्या दिवशी ती केडगावहून रेल्वेनं दौंडला गेली. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. चूक त्यांचीही होती, ती त्यांनी कबूल केली. "पुन्हा चाचणी घेऊ. पण विहीर आधी दोन दिवस बंद ठेवावी लागेल, पाणी आपल्या पातळीला येईपर्यंत. आणि नवा आकडा हाती येईतो दुसरी विहीर घेता येणार नाही. टँकर थांबवू का, आजी? तुम्ही म्हणाल तर लगेच लिहितो."

तिच्या डोळ्यांपुढं टँकरपाशी सकाळी लागणारी गावाची रांग होती. विठाबाई, तिची बाळंतीण सून, पाण्यापायी शाळा बुडवलेल्या पोरी. दोन दिवस त्या पाणी कुठून आणणार होत्या? आपण टँकर थांबवणार नाही, हेही हौसरावानं धरलं असेल का, असा विचार तिच्या मनात आला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. परतीच्या गाडीत तिला हौसरावाचा तोच विचार जास्त लागला.

रोज तीन खेपा जात राहिल्या आणि गाठी कमी होत गेल्या. सात, पाच, तीन. पाचव्या दिवशी मोटरच्या पाइपाच्या तोंडाचा फूटव्हॉल्व्ह चिखलात अडकला. त्यानंतर रात्रीतून जेवढं झिरपेल तेवढं प्यायला, असा हुकूम निघाला आणि तो बरोबरच होता. लिंबांना घागरभरही उरलं नाही. कागदावर चाचणी पास होती, म्हणून दुसऱ्या विहिरीला कुणी हात लावला नाही आणि बापूसाहेबांचा ऊस हिरवा राहिला. वैशाखात हौसराव सोसायटीवर निवडून आला.

लिंबं शेंड्यापासून वाळत आली. आत्यानं पानं चुरडून पाहिली, फांद्या नखानं खरडून पाहिल्या. आत हिरवं काही राहिलं नाही तेव्हा सरपणासाठी तोडायला काढली. दुसऱ्या झाडाशी तिचा हात थकला. तेवढ्यात हौसराव आला. त्यानं तिच्या हातातली कुऱ्हाड घेतली आणि फांदी धरायला वाकला.

आत्या बाजूला झाली. पदरानं मान पुसली.

"काटं हायेत," ती म्हणाली, "हात संभाळ."