विणकराचा खांदा

त्या काळी मी सोलापुरातल्या एका मोठ्या रुग्णालयात अपघात विभागाची सिस्टर होते. चाळिशी ओलांडलेली. राहायला परिचारिकांच्या वसतिगृहात एक खोली.

दुपारी तीनच्या सुमाराला एक विणकर एकटाच चालत आला. केसांत सुताची पांढरी तुसं, खांद्याला तेलाचा वास.

"अक्का, खांदा बांधून द्या. उद्या पाळीला जायचंय."

डावा खांदा दुखत होता. सकाळी यंत्रमागावरचा धोटा उडाला होता. धोटा म्हणजे लोखंडी टोकांचा, वीतभराहून लांब लाकडी तुकडा; मागातून सुटला की दगडासारखा येतो.

"लागला कुठं? खांद्याला?"

"न्हाई, बरगडीला, डाव्या अंगाला. त्ये ऱ्हाऊ द्या, त्ये एवढं दुकत न्हाई. दुपारपासनं खांदाच लई दुकतोय. मालिशवाल्यानं चोळला, तरी थांबंना."

आमच्याकडे विणकरांचे खांदे रोज यायचे. त्यामुळे नव्या डॉक्टरांनी मान वर न करताच मलम लिहिलं आणि क्ष-किरण तपासणीची चिठ्ठी दिली. तो विभाग पटांगणाच्या पलीकडे होता.

मी नाडी बघितली. शहाण्णव. मग त्याला हात वर करायला सांगितला. त्याने सरळ वर नेला, फिरवूनही दाखवला. खांदा दाबला तर तक्रार नाही. खाटेवर आडवं केलं तेव्हा मात्र तो खांदा धरून ताडकन उठून बसला.

"डॉक्टर, ह्याचा खांदा मोकळा आहे," मी म्हटलं.

"सिस्टर, विणकराचा खांदा दुखणार नाही तर काय तुमचा दुखणार?"

"माझाही दुखतो. पण आडवी झाले म्हणून वाढत नाही."

ते नाराजीनेच उठले. डाव्या बरगड्यांखाली हात ठेवताच त्या माणसाने पोट आवळून घेतलं. वीस मिनिटांनी नाडी एकशेबारा होती, रक्तदाबही उतरला होता. डॉक्टरांनी स्वतःच चिठ्ठी फाडली आणि सर्जनना बोलावणं धाडलं.

बरगड्यांच्या आड प्लीहा असते, आपण पानथरी म्हणतो ती. ती फाटली की पोटात रक्त साठतं. ते श्वासपटलाखाली, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या पडद्याखाली, पोचलं की तिथली नस चाळवते. ती नस मानेतून येते, खांद्याच्या नसाही तिथूनच निघतात. म्हणून रक्तस्राव पोटात आणि दुखणं खांद्यावर. आडवं झालं की रक्त वर सरकतं, खांदा जास्त दुखतो.

त्याला हे कळत नव्हतं. कपाळावर घाम आला होता, तरी तो पाय खाली सोडत होता.

"जातो अक्का. माग दुसऱ्याला देतील की."

"उठलास तर रस्त्यातच पडशील. झोप."

"पाणी तरी द्या."

"नाही. थेंबही नाही."

सर्जननी पोटात सुई घातली. रक्त आलं. ते काचेच्या नळीत घालून आम्ही वाट बघितली. दहा मिनिटांनीही ते गोठलं नाही. शिरेतलं रक्त चुकून ओढलं असतं तर गोठलं असतं. पोटात साठलेलं गोठत नाही. "घ्या आत," सर्जन म्हणाले. मी सलाइन चालू केलं, गट बघायला रक्त पाठवलं आणि संमतीचा कागद घेऊन बसले.

"जवळचं माणूस कोण?"

"बायको. गावाकडं, हैदराबादच्या पल्याड."

"इथं कोण आहे?"

"हितं माग हाय," म्हणाला.

थट्टा करत नव्हता. नातेवाइकाचा रकाना कोरा ठेवला. शुद्धीवर होता, तेव्हा त्याचाच अंगठा घेतला.

प्लीहा वरच्या बाजूने फाटली होती, काढावी लागली. दोन बाटल्या रक्त दिलं. माणूस वाचला. संध्याकाळी भेटीच्या वेळी शेजारच्या खाटांभोवती डबे उघडायचे, पोरं रडायची. हा भिंतीकडे तोंड करून पडायचा. मी नळी तपासायची, नाडी लिहायची आणि पुढच्या खाटेकडे जायची. टाके निघाले तसा तो एका पिशवीनिशी निघाला. जाताना डावा हात वर करून दाखवला. "दुकत न्हाई, अक्का."

दोनेक वर्षांनी माझं पित्ताशय काढायचं ठरलं. तोच संमतीचा कागद घेऊन एक नवी मुलगी खाटेपाशी आली.

"सिस्टर, जवळचं कोण लिहू?"

"वॉर्ड" हा शब्द अगदी ओठांवर आला होता.

"कोरा ठेव," मी म्हटलं आणि सही केली.