माशीवालीची रजा

"आपल्या कामाला आपलेच डोळे लागतात," असं ती येता-जाता म्हणायची. पिकल्या केळ्यावर घोंघावतात तसल्या बारक्या माश्यांवर तिचं संशोधन, म्हणून सगळे तिला माशीवाली म्हणत. माश्यांसाठी मक्याच्या पिठाची खळ शिजवणारे प्रयोगशाळेतले मामा तिला पाच वर्षं बघत होते. दर दहा-बारा दिवसांनी नवी पिढी निघायची, की ती सूक्ष्मदर्शकाखाली एकेक माशी पारखून विटकरी डोळ्यांच्या ठेवायची, तांबड्या डोळ्यांच्या टाकायची. दोन वर्षं असा तो नाजूक वाण तिनं जपला. तिच्या बाटल्यांना हात लावायची कुणाची छाती नव्हती.

तिच्या वडिलांचं अर्धं अंग लुळं पडलं. आई एकटी त्यांना कुशीवर वळवायची. आता तिचीही कंबर धरली. महिन्याच्या रजेचा अर्ज घेऊन माशीवाली तिच्या मार्गदर्शक सरांकडे गेली, तेव्हा मामा तिथेच कपाट पुसत होते.

तिची वर्षाची तीस दिवसांची रजा शिल्लक होती. सही आत्ता करतो, म्हणाले सर. मग चष्मा काढला. "पण वाण कोण सांभाळणार? दुसऱ्या प्रयोगशाळेत एक बाटली ठेव म्हणून दोनदा सांगितलं होतं."

"ठेवली नाही, सर. त्यांनी भेसळ केली असती."

सरांनी अर्ज ठेवून घेतला. मुदतवाढ एकदा घेऊन झाली होती. प्रबंधाला आठ महिने उरले होते, आणि वाण गेला तर प्रबंधही गेला.

तिनं धाकट्या संशोधक मुलीला गाठलं. ती म्हणाली, "ताई, तीन वर्षांत तुम्ही मला बाटलीचा बोळा काढू दिला नाहीत. आता चार दिवसांत तुमचे डोळे कुठून आणू?" तरी बिचारी मान मोडेस्तोवर शिकली. चौथ्या दिवशी तिनं निवडलेल्या वीस माश्या माशीवालीनं तपासल्या. सात चुकीच्या निघाल्या.

"तेरा तर खऱ्या आहेत ना, पोरी," मामा म्हणाले.

"सातांनी सगळी पिढी नासते, मामा. आणि बाटलीवर नाव माझं. उद्या कुणी त्याच्यावर विसंबलं तर?"

आईचा फोन आला. उद्या सकाळी पोचते, एवढंच ती बोलली. मग तिनं टाकाऊ माश्या मारायची स्पिरिटची बरणी ओढली आणि एकेक बाटली तिच्यात उपडी केली. बूड थोपटायची, शेवटची माशी पडेपर्यंत. धाकटी रडायला लागली. तिला जवळ घ्यायचंही माशीवालीला सुचलं नाही.

सर स्वतः सही केलेला अर्ज घेऊन आले. बरणी पाहिली. ये परत, मग बघू, म्हणाले. बघण्यासारखं काय उरलं होतं, ते कुणी विचारलं नाही.

पिशवी खांद्याला लावून ती लांबलचक बोळातून निघाली. दिव्याखालून गेली, अंधारात गेली, पुढच्या दिव्याखाली पुन्हा दिसली. मागे तिनं वळून पाहिलं नाही. पातेल्यातली खळ बुडाला लागत होती, आणि हातातला पळा तसाच धरून मामा दारातून बघत उभे होते.