माशीभोवतीची पांढरी चौकट

मावशी वीस वर्षं एका स्टुडिओत फोटो दुरुस्त करते. परवा भाचीचा घाबराघुबरा फोन आला. नवी नोकरी, आणि मध विकणाऱ्या ग्राहकाला तासाभरात वेबसाइटसाठी कागदावर काढून स्कॅन केलेलं मधमाशीचं चित्र द्यायचं होतं. सॉफ्टवेअरमध्ये पिवळ्या लेयरवर, म्हणजे थरावर, माशी झकास दिसे. एक्स्पोर्ट करून बाहेर काढलेलं चित्र वेबसाइटच्या पिवळ्या पानावर ठेवलं की भोवती पांढरी चौकट येई.

"चित्र नको, लेयर्सच्या यादीचा स्क्रीनशॉट पाठव."

तो बघून मावशी म्हणाली, "पिवळ्या लेयरच्या नावापुढचा डोळा मिटलाय, म्हणजे तो लपवलेला आहे."

"एक्स्पोर्टआधी मीच मिटला. पान पिवळंच आहे ना!"

"आणि माशी मल्टिप्लायवर. अगं, त्या मोडमध्ये पांढरं खालच्या रंगात विरघळतं. खाली काहीच नसेल तर विरघळणार कशात, माझ्या डोक्यात? स्कॅनचा पांढरा कागद जसाच्या तसा बाहेर येतो."

भाचीने माशीभोवतीचं पांढरं पुसलं, मोड नॉर्मल केला आणि पुन्हा एक्स्पोर्ट केलं. चौकट गेली.

"पण मावशी, पंख मघाशी पिवळे होते, आता पांढरे का?"

"तूच सांग."

"ते पांढरेच होते! नुसते विरघळलेले दिसत होते."

पांढरे पंख तिला जास्त आवडले. तिने चित्र तसंच ग्राहकाला पाठवलं.